धम्मपदाच्या पहिल्या गाथेतील ‘धम्मा’ या पदाचा अर्थ

धम्मपदाच्या यमकवग्गातील पहिल्या गाथेत मन हे ‘धम्मां’चे पूर्वगामी, श्रेष्ठ व घटक असल्याचे सांगितले आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘धर्म’ या शब्दाने प्रथम संप्रदाय किंवा कर्तव्य उभे राहते. परंतु मूळ पद अनेकवचनी असल्याने हे अर्थ येथे बसत नाहीत. प्रस्तुत लेखात या पदाच्या अर्थाचा तुलनात्मक विचार केला आहे.

मॅक्स म्यूलर यांनी १८८१ च्या इंग्रजी भाषांतरात ‘आपण जे काही आहोत ते आपल्या विचारांचे फळ होय’ असा आशय दिला. यात ‘धम्मा’ या पदाची जागा ‘आपण’ या मूळात नसलेल्या कर्त्याने घेतली. नारद थेरांनी पहिल्या गाथेत ‘अकुशल अवस्था’ व दुसऱ्या गाथेत ‘कुशल अवस्था’ असा अर्थ घेतला. आचार्य बुद्धरक्खित यांनी ‘मानसिक अवस्था’ हा पर्याय निवडला, तर ठानिस्सरो भिक्खूंनी ‘घटित’ या व्यापक अर्थाचा शब्द योजला. हा शेवटचा पर्याय संदर्भाविना वाचल्यास सारे बाह्य जग मनोनिर्मित आहे, असा समज होण्याचा संभव आहे.

या पर्यायांची पारख करण्यास अट्ठकथा उपयोगी पडते. ती ‘धम्म’ शब्दाचे गुण, देशना, परियत्ती आणि निस्सत्त-निज्जीव, म्हणजे जीव किंवा सत्त्व नसलेली गोष्ट, असे चार अर्थ नोंदवते. येथे चौथा अर्थ घेऊन ती वेदना, संज्ञा व संस्कार या तीन अरूप स्कंधांचा निर्देश करते. हे तिन्ही मनासोबतच उत्पन्न होतात, पण मनावाचून उत्पन्न होऊ शकत नाहीत. म्हणून मन त्यांचे अग्रणी ठरते. तेथील पूर्वत्व काळाचे नसून कारणतेचे आहे.

अंगुत्तरनिकायाच्या एककनिपातात मात्र ‘मनोपुब्बङ्गमा’ हेच विशेषण अकुशल व कुशल धम्मांना लावलेले आहे, आणि त्यांच्यात मन प्रथम उत्पन्न होते असे स्पष्ट म्हटले आहे. धम्मपदातही पुढील ओळींत दूषित मनाने बोलणे व वागणे आणि त्यामागून येणारे दुःख यांचाच विचार येतो. त्यामुळे नारद थेरांचा नैतिक अर्थ गाथेच्या संदर्भाशी अधिक जुळतो. मात्र ‘अकुशल’ हे विशेषण मूळ ओळीत नाही, ते संदर्भातून घेतलेले आहे.

पाठभेदही लक्षणीय आहे. गांधारी धर्मपद व संस्कृत उदानवर्ग यांत ‘मनोमय’ऐवजी ‘मनोजव’, म्हणजे मनासारखे वेगवान, असे पद येते. म्हणून केवळ ‘मनोमय’ या पदावर जग मनोनिर्मित असल्याचा सिद्धांत उभारणे धोक्याचे आहे.

सारांश, येथे ‘धम्मा’ म्हणजे मनाच्या आधाराने उद्भवणाऱ्या आणि वाणी व कृतीतून प्रकटणाऱ्या बऱ्या-वाईट मनोवृत्ती होत. मराठीत ‘धर्म’ हा शब्द ठेवावयाचा असल्यास त्यास ही टीप जोडणे आवश्यक ठरते.