काउंटडाउन शॉर्ट : चकित करणारी गोष्ट शेवटी का?

पाच गोष्टी पाचव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत उलट मोजत दाखवणाऱ्या छोट्या उभ्या व्हिडिओला काउंटडाउन शॉर्ट म्हणतात. आकडा उतरताना किती बाकी आहे हे दिसते, म्हणून प्रेक्षक थांबतो.

समजा, विषय आहे ‘ग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतात?’ आणि लांबी 45 सेकंद. पहिले 3 सेकंद प्रश्नाला. मग मंगळ (साडेचोवीस तासांहून थोडे जास्त), नेपच्यून (सुमारे 16 तास) आणि गुरू (10 तासांहून कमी) प्रत्येकी 7 सेकंदांत उरकतात. दुसऱ्या क्रमांकावरच्या बुधाला 9 सेकंद द्यावेत, कारण खरी तयारी इथेच होते: त्याची स्वतःभोवतीची फेरी 59 दिवसांची, तर वर्ष 88 दिवसांचे. फेरी आणि वर्ष यांची तुलना डोक्यात बसली की शेवटच्या 12 सेकंदांत शुक्र समजावून सांगावा लागत नाही. त्याची फेरी 243 दिवसांची आणि वर्ष 225 दिवसांचे!

इथे ‘शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा’ असे मोघम म्हटले, तर जाणकार लगेच पकडतात. तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 117 दिवसच जातात. म्हणून शब्द ‘फेरी’ हवा.

शीर्षकात शुक्राचे नाव आले की गंमत संपते. शेवटी ‘धन्यवाद, सबस्क्राइब करा’ही नको, तेवढ्यात बोट पुढच्या व्हिडिओवर सरकलेले असते.