चौकातलं पाणी कुठं जातं?

मैत्रिणींनो, कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या चौसोपी वाड्यांत कौलांचं पाणी आत, चौकात उतरायचं. गच्चीची दगडी पन्हळ भिंतीपासून पुढं काढलेली असे, म्हणजे धार भिंतीला चाटत नसे. चौक सोप्यापेक्षा खोल. त्यात गाळ बसायला दगडी कुंडी आणि तिथून जोत्याखालून बाहेर जाणारी झाकलेली मोरी.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 60 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 3000 लिटर पाणी त्या एका मोरीतून जायचं.

पुढं चौकात नवी फरशी आली, कुंड्या बुजल्या. मोरी आतून तुंबली तरी पाणी सोप्यात येत नाही, म्हणून कळत नाही. ते जोत्यात मुरतं, मातीची भिंत खालून भिजते, तळखड्यावरचा लाकडी खांब बुडाशी कुजतो. आम्ही खूण बघतो ती अशी: भिंतीच्या खालच्या भागावर पांढरे क्षार, फुगलेला गिलावा, ठोकल्यावर खांबाचा पोकळ आवाज. वर सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडून आणखी वर चढते.

मृगाआधी आपण कुंडीतला गाळ काढू, चार घागरी पाणी ओतू आणि मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी उभ्या राहू. पाणी फारच कमी आलं, तर बाकीचं जोत्यात मुरतंय.