राउथ कोष्टक

राउथ कोष्टक : अभिलक्षण बहुपदीची मुळे न काढता, केवळ तिच्या सहगुणकांवरून प्रणालीची स्थिरता ठरवणारी मांडणी. सर्व मुळांचे वास्तव भाग ऋण असतील तरच धक्का बसलेली प्रणाली पुन्हा मूळ स्थितीला येते. गव्हर्नरच्या अभ्यासात मॅक्सवेल यांना १८६८ मध्ये तिसऱ्या घातापुरती अट सापडली होती. कोणत्याही घाताला चालणारी रीत एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्ये दिली, आणि आडॉल्फ हुर्विट्झ यांनी १८९५ मध्ये तोच निकष निर्धारकांच्या रूपात स्वतंत्रपणे मांडला. आज संगणक क्षणात मुळे काढून देतो, मग कोष्टक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सहगुणक निव्वळ आकडे असतील तर तो रास्तच आहे. पण एखादा सहगुणक अजून ठरायचा असेल, तर संगणकाला एकेक किंमत देऊन पाहावी लागते. कोष्टक मात्र चालणाऱ्या सर्व किमतींची सीमा एकदम हाती देते. त्याचे खरे मोल इथे आहे.

`K/(s(s+2)(s+4))` ही प्रणाली एकक पुनर्भरणात जोडली, की `s^3+6s^2+8s+K` ही बहुपदी मिळते. गेन K अज्ञात आहे. सहगुणक एकाआड एक घेऊन पहिल्या दोन ओळी भरतात. तिसरी ओळ त्यांच्या तिरकस गुणाकारांच्या वजाबाकीतून येते, (6×8 − 1×K)/6.

```
s^3 |  1          8
s^2 |  6          K
s^1 |  (48-K)/6   0
s^0 |  K
```

पहिल्या स्तंभात जितके चिन्हबदल, तितकी मुळे उजव्या अर्धप्रतलात. म्हणून स्थिरतेची अट `0 < K < 48`. सगळे सहगुणक धन असले की पुरे, हा समज इथे खोटा ठरतो: K=60 घेतल्यास स्तंभ 1, 6, −2, 60 असा होतो आणि दोन मुळे उजवीकडे जातात. K=48 ला तिसरी ओळच शून्य होते. तेव्हा वरच्या ओळीतून `6s^2+48=0` हे साहाय्यक समीकरण लिहावे. त्यावरून प्रणाली सेकंदाला सुमारे २.८३ रेडियन या वारंवारतेने अखंड दोलत राहते, हे कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोष्टक फक्त होय किंवा नाही म्हणते, किती स्थिर ते सांगत नाही. K=47 ‘स्थिर’ असले तरी तिथली दोलने फार रेंगाळतात. पण अक्ष सरकवला की तेच कोष्टक याचेही उत्तर देते. सर्व मुळे −0.5 च्या डावीकडे हवी असतील तर `s=z-0.5` ठेवावे. मिळणाऱ्या `z^3+4.5z^2+2.75z+(K-2.625)` या बहुपदीचे कोष्टक `2.625 < K < 15` ही अट देते. म्हणजे ४८ ची ऐसपैस मर्यादा १५ वर येते. −1 ची अपेक्षा धरली तर z चा सहगुणक −1 येतो, म्हणजे ती पुरी करणारा कोणताही K नाही. नुसता गेन फिरवून काम होणार नाही, नियंत्रकच बदलावा लागेल, हे एका ओळीच्या बीजगणितातून कळते. खरी मर्यादा वेगळी आहे. प्रणालीत काळाचा विलंब असेल तर समीकरणात `e^(-sT)` येते, ते बहुपदी उरत नाही, आणि तिथे नायक्विस्टचा निकष वापरावा लागतो.