आपत्कालीन थांबा प्रयुक्ती, यंत्रांवरील
आपत्कालीन थांबा प्रयुक्ती : यंत्र चालू असताना धोका उद्भवल्यास माणसाच्या एकाच कृतीने ते थांबविणारी योजना. यंत्रावर दिसणारे पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल, छत्रीच्या आकाराचे बटण हा तिचा केवळ दर्शनी भाग होय. बटणामागील विद्युत् मंडलात बिघाड झाला असतानाही यंत्र थांबेल काय, आणि थांबलेले यंत्र पुन्हा केव्हा चालू होऊ द्यावे, हे दोन प्रश्न या प्रयुक्तीच्या इतिहासाच्या मुळाशी आहेत.

एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांत एकाच वाफ एंजिनाने छताजवळचा लांब दंड फिरत असे व त्यावरून पट्ट्यांच्या साहाय्याने अनेक यंत्रे चालत. मुंबईच्या कापड गिरण्यांतही बराच काळ हीच व्यवस्था होती. एखादे यंत्र थांबविण्यासाठी पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकवीत. संपूर्ण दंड थांबविणे मात्र यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या हाती नव्हते. त्यासाठी एंजिनघरात इशारा पोहोचवावा लागे. म्हणूनच भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील चोविसाव्या कलमात प्रत्येक कार्यकक्षात आणीबाणीच्या वेळी शक्ती तोडण्याची योग्य साधने असावीत, अशी तरतूद करण्यात आली.

सुरक्षित मंडलाची मूळ कल्पना कारखान्यात नव्हे, तर रेल्वेवर रुजली. अमेरिकेत १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी बंद रूळमंडलाचे पेटंट घेतले. मार्ग मोकळा असेल तेव्हाच त्यात विद्युत् प्रवाह वाहतो. गाडी आली, तार तुटली किंवा विद्युत् घट संपला, तर प्रवाह खंडित होऊन धोक्याचाच संकेत मिळतो. त्याच वर्षीच्या वेस्टिंगहाउस यांच्या स्वयंचलित हवाई गतिरोधकातही नळी फुटली की गतिरोधक आपोआप लागत असे. थांबण्याची आज्ञा प्रवाह सुरू करून न देता तो तोडून द्यावी, हे तत्त्व पुढे यंत्रांच्या थांबा बटणांनी उचलले.

प्रत्येक यंत्राला स्वतंत्र चलित्र आल्यावर ते काँटॅक्टरमार्फत (विद्युत् चुंबकाने मिटणाऱ्या शक्तिस्विचमार्फत) चालविले जाऊ लागले. थांबा बटणाने चुंबकाच्या वेटोळ्यातील प्रवाह तुटतो व स्प्रिंग स्पर्शकांना दूर करते. वीजपुरवठा जाऊन परत आला, तरी चालू करण्याचे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ही रचना साधी व चांगली असून कित्येक दशके तीच पुरेशी मानली गेली. परंतु तिच्यात एक दोष दडलेला होता.

रबर मळण्याच्या दोन रुळांच्या गिरणीचे उदाहरण घेता तो स्पष्ट होतो. येथे कामगाराला रबराचा गोळा हातानेच रुळांच्या फटीकडे द्यावा लागतो, म्हणून थांबा दांडी त्याच्या शरीराच्या टप्प्यात बसवितात. दांडी दाबली, वेटोळ्यातील प्रवाह तुटला, पण पूर्वीच्या एखाद्या मोठ्या प्रवाहामुळे काँटॅक्टरचे स्पर्शक वितळून एकमेकांस जोडले गेलेले असले, तर स्प्रिंग त्यांना सोडवू शकत नाही. नियंत्रण मंडलाच्या दृष्टीने यंत्र थांबलेले असते, दिवाही विझतो, पण रूळ फिरतच राहतात. हा बिघाड प्रत्यक्ष दांडी दाबेपर्यंत कळत नाही, हे त्यातील खरे भय होय.

यावरील उपाय दुहेरी आहे. चलित्राच्या मार्गात दोन काँटॅक्टर एकापुढे एक बसवितात, म्हणजे एक चिकटला तरी दुसरा प्रवाह तोडतो. परंतु चिकटलेला काँटॅक्टर लक्षात आला नाही, तर काही काळाने दुसराही चिकटू शकेल व दुहेरीपणा व्यर्थ ठरेल. म्हणून प्रत्येक काँटॅक्टरवर मुख्य स्पर्शकांशी यांत्रिक रीत्या जखडलेला एक उलटा स्पर्शक असतो. मुख्य स्पर्शक चिकटलेला असेपर्यंत हा उलटा स्पर्शक मिटूच शकत नाही. दोन्ही उलटे स्पर्शक चालू करण्याच्या मंडलात घातले की एकही काँटॅक्टर चिकटलेला असल्यास यंत्र पुन्हा सुरू होत नाही. बिघाड टळत नाही, पण तो पुढच्याच प्रारंभाच्या वेळी उघडकीस येतो. अशा जोडण्या पूर्वी प्रत्येक कारखान्यात सुट्या रिलेंनी केल्या जात व त्यांत चुका होत. जर्मनीतील पिल्झ या कंपनीने १९८७ साली पीनॉझ हा आपत्कालीन थांब्यासाठीचा तयार सुरक्षा रिले बाजारात आणल्यावर ही विद्या एका छोट्या डबीत बंद झाली.

बटणातही सुधारणा झाल्या. त्याचा स्पर्शक स्प्रिंगच्या जोरावर नव्हे, तर दाबणाऱ्या हाताच्या जोराने, ताठ दुव्यामार्फत उघडला पाहिजे. तसेच दाबलेले बटण खिट्टीने अडकून राहिले पाहिजे. तरीही स्पर्शकाचा ठोकळा बटणाच्या मागून निखळून पडल्यास दाबण्याचा काहीच परिणाम होत नाही. त्यासाठी ठोकळा जागेवर असेल तरच मिटलेला राहील, असा एक जादा स्पर्शक काही रचनांत घालतात.

प्रवाह तुटला म्हणजे यंत्र थांबले, असे मात्र नाही. रुळांच्या पृष्ठाचा वेग मिनिटास ३० मी., म्हणजे सेकंदास ५० सेंमी. आहे असे मानू. प्रवाह तोडल्यावर रूळ सारख्या दराने मंदावत ४ सेकंदांनी थांबले, तर तेवढ्यात पृष्ठ १ मी. सरकेल, गतिरोधकाने ते अर्ध्या सेकंदात थांबले, तर केवळ १२·५ सेंमी. सरकेल. पहिल्या अंतरात संपूर्ण हात ओढला जाऊ शकतो. या विचारातून आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६०२०४-१ या मानकात थांब्याचे तीन प्रकार मानले आहेत. प्रकार ० मध्ये शक्ती तत्काळ तोडतात; प्रकार १ मध्ये शक्तीचाच वापर करून यंत्र नियंत्रितपणे थांबवितात व नंतर शक्ती तोडतात; प्रकार २ मध्ये थांबल्यावरही शक्ती जोडलेलीच राहते. आपत्कालीन थांब्यासाठी पहिले दोनच प्रकार ग्राह्य आहेत. जड चक्रे असलेल्या यंत्रात नुसती शक्ती तोडण्यापेक्षा प्रकार १ अधिक सुरक्षित ठरू शकतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. यूरोपात १९९२ च्या ईएन ४१८ या मानकाने व पुढे १९९६ मधील आयएसओ १३८५० ने थांब्याविषयीचे नियम एकत्र आणले.

पूर्वस्थितीस आणण्याची क्रिया (रीसेट) अधिक नाजूक आहे. ज्या बटणाने यंत्र थांबविले तेच बटण हाताने सोडवावे लागते. मात्र त्याने यंत्र चालू न होता केवळ चालू करण्याची परवानगी मिळते. अन्यथा गिरणीच्या एका बाजूस अडकलेला हात सोडविला जात असता दुसऱ्या बाजूच्या माणसाने बटण ओढताच रूळ फिरू लागतील. ज्या सुरक्षा मंडलात रीसेटचे स्वतंत्र बटण असते, तेथे ते धोक्याच्या क्षेत्राबाहेर, संपूर्ण क्षेत्र दिसेल अशा ठिकाणी बसवितात. आयएसओ १३८४९-१ च्या २००६ च्या आवृत्तीनुसार त्याचा संकेत बटण दाबल्यावर नव्हे, तर सोडल्यावर ग्राह्य धरावयाचा असतो. कोणी बटण काडी खुपसून कायमचे दाबून ठेवले, किंवा त्याचा स्पर्शक चिकटला, तर सोडण्याची क्रिया घडत नाही व मंडल आपोआप पूर्वस्थितीस येत नाही.

थांब्याने अडकलेल्या माणसाच्या सुटकेची साधनेही निकामी होता कामा नयेत; रबर गिरणीत रूळ थांबल्यावर ते उलट फिरविण्याची किंवा त्यांमधील फट वाढविण्याची सोय त्यासाठीच ठेवतात.