दुःखी सिनेमा पाहून आपण रडतो, तरी तो आवडतो का?

संदीप सावंत यांचा 'श्वास' हा सिनेमा २००४ साली आला. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार, आणि त्यात पोराची दृष्टी कायमची जाणार. हे त्याला आधी सांगायला हवं. पण सांगणार कसं? ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गायब होतात. कशासाठी, तर दिसतंय तोवर त्याला जग दाखवून आणायला.

इथे भलेभले रडतात आणि नंतर मित्रांना सांगतात, "नक्की बघ!" खऱ्या आयुष्यात आपण दुःखापासून लांब पळतो. मग तिकीट काढून रडायला का जातो?

ॲरिस्टॉटलचं उत्तर: कॅथार्सिस

हा प्रश्न सुमारे २,३०० वर्षं जुना आहे. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल लिहिलं, की ती प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागवते आणि त्यातून या भावनांचं 'कॅथार्सिस' घडवते. ग्रीक भाषेत कॅथार्सिस म्हणजे शुद्धी किंवा निचरा. मराठीत त्याला 'विरेचन' म्हणतात. गंमत म्हणजे हे नेमकं कसं घडतं, ते त्याने त्या ग्रंथात सांगितलेलंच नाही. पुढे लोकांनी सोपा अर्थ लावला: रडलं की मन हलकं होतं.

रडल्यावर खरंच हलकं वाटतं का?

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६० जणांना 'लाइफ इज ब्युटिफुल' किंवा 'हाचि' यापैकी एक सिनेमा दाखवला. २८ जण रडले, ३२ जण रडले नाहीत. सगळ्यांचा मूड सिनेमाआधी, संपल्या संपल्या, २० मिनिटांनी आणि ९० मिनिटांनी नोंदवला.

न रडलेल्यांच्या मूडमध्ये सिनेमा संपल्यावर फरक पडला नाही. रडलेल्यांचा मूड मात्र लगेच हलका झाला नाही, उलट खाली गेला. २० मिनिटांनी तो पूर्वपदावर आला आणि ९० मिनिटांनी आधीपेक्षाही चांगला झाला.

म्हणजे निचरा होत असेलही, पण सावकाश. आणि सिनेमा तर आपल्याला पाहतानाच आवडलेला असतो. त्यामुळे नुसत्या कॅथार्सिसने कोडं सुटत नाही.

दुसरी बाजू: समानुभूती

दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचं दुःख जाणवणं म्हणजे समानुभूती. 'श्वास'मध्ये आपण आजोबांच्या जागी जातो. पण तिथे आपल्याला फक्त आजार दिसत नाही. हतबल असूनही नातवासाठी धडपडणाऱ्या म्हाताऱ्याची माया दिसते. डोळ्यांत पाणी येतं ते बऱ्याचदा या मायेमुळे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंच दिसलं. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळण्याचे प्रसंग प्रेक्षकांना दाखवले. जो प्रसंग जास्त दुःखी वाटला, तो आवडलाही जास्त. पण यामागचं खरं कारण दुःख नव्हतं, तर 'हेलावून जाणं' होतं. हेलावून जाण्याचा वाटा बाजूला काढला, तर दुःख आणि आवड यांचं नातं जवळजवळ उरतच नव्हतं.

म्हणूनच ढसाढसा रडणारी पात्रं असूनही काही सिनेमे आपल्याला कोरडे ठेवतात. दुःख भरपूर असतं, पण जीव लावावा असं कोणी नसतं.

सुरक्षित अंतर हवंच

साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी साहित्याच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' म्हटलं होतं. म्हणजे दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण स्वतःचं भान न सोडता. सिनेमा पाहताना हेच होतं. आजोबांची तगमग आपली होते, पण ऑपरेशनच्या कागदावर सही आपल्याला करायची नसते.

हे अंतर मिटलं की मजा संपते. ज्याच्या घरातलं लेकरू खरंच हॉस्पिटलमध्ये आहे, त्याला 'श्वास' बघवणार नाही. त्याच्यासाठी ती गोष्ट राहत नाही, जखम होते. अशा माणसाला "बघ, रडून मोकळा हो" असा सल्ला देणं बरोबर नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमा संपल्यावर डोळे पुसत असाल आणि जड जड वाटत असेल, तर लगेच "उगाच पाहिला" असं ठरवू नका. तासा-दीड तासाने स्वतःलाच विचारा, आता कसं वाटतंय?