न उगवलेला शुक्रवार

माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. काही वर्षांपूर्वी तो इथे यायचा होता, तेव्हा फोनवर म्हणाला, "शुक्रवारी रात्री साडेबाराला उतरतो." मी शुक्रवारी रात्री जेवून, सावकाश विमानतळावर गेलो. तो आदल्याच रात्री उतरला होता, तासभर माझी वाट पाहून टॅक्सीने हॉटेलात गेला होता, आणि मला फोन लावून लावून थकला होता. माझा फोन नेहमीप्रमाणे उशाशी, मुका करून ठेवलेला.

चूक कोणाची, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. तिकिटावर शुक्रवार होता हे खरे, पण रात्रीच्या साडेबाराला आपल्या बोलीत शुक्रवार कोण म्हणतो? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. माझी आजी तर पहाटे चारला उठली तरी तांबडे फुटेपर्यंत तिच्या लेखी कालचाच वार चालू असे. घड्याळाचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, आजीचा उजाडल्यावर. या दोहोंमधल्या सहा तासांत माझा भाऊ हरवला.

त्यानंतर मला या शब्दांचा नाद लागला. मराठीत 'येत्या शुक्रवारी' म्हणजे आता येईल तो, याबद्दल फारसा मतभेद नाही. 'पुढच्या शुक्रवारी' म्हटले की घरातल्या घरात दोन तट पडतात. हिंदीतल्या 'कल'वरून आपण हसतो, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही, पण आपला 'परवा' तेच करतो आणि क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याला टांगून ठेवतो. तरीही आपण निभावून नेतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात उभे असतात. 'आज' कुठला, यावर दोघांचे एकमत असते. ते नसेल तर काय होते, हे शोधत मी बऱ्याच जुन्या काळात जाऊन पोचलो.

मॅगेलनच्या ताफ्यातले 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज पृथ्वीला पूर्ण फेरी घालून परतले. परतीच्या वाटेवर, जुलै 1522 मध्ये, उपाशी खलाशांनी आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्दे बेटांवर नांगर टाकला. प्रवासाची रोजनिशी लिहिणारा इटालियन पिगाफेट्टा जहाजावरच होता. त्याच्या हिशेबाने तो बुधवार, 9 जुलै. धान्य आणायला किनाऱ्यावर गेलेल्यांना त्याने आज वार कोणता ते विचारून यायला सांगितले. उत्तर आले, गुरुवार. पिगाफेट्टा चक्रावला, कारण तो एकही दिवस आजारी नव्हता आणि त्याची नोंद कधी चुकली नव्हती. मग त्याच्या लक्षात आले की चूक झालेलीच नाही. सूर्याच्या मागे मागे, पश्चिमेकडे चालत राहिल्याने त्यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबला होता, आणि तीन वर्षांत ती लांबी साठून एक अख्खा दिवस झाला होता. किनाऱ्यावरच्यांनी जेवढे सूर्योदय पाहिले, त्याहून एक कमी या माणसांनी पाहिला होता.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की वार हा आकाशात कुठे लिहिलेला नसतो. सूर्य उगवला हे दिसते, पण आज शुक्रवार आहे हे दिसत नाही. कोणीतरी कालपासून, परवापासून, पिढ्यान्‌पिढ्या न चुकता मोजत आलेले असते, म्हणून तो शुक्रवार असतो. माणसे जिकडून आली, तिकडून आपली मोजणीही बरोबर घेऊन आली.

पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे आले. गोव्यात, मग मलाक्क्यात, मग मकावला पोचले. त्यांचा रविवार गोव्यातल्या चर्चमधला तोच मकावच्या चर्चमधला. स्पॅनिश मात्र मेक्सिकोहून प्रशांत महासागर ओलांडून, पश्चिमेकडे तोंड करून 1565 मध्ये फिलिपिन्सला आले आणि अमेरिकेतला वार घेऊन आले. त्यामुळे मकाव आणि मनिला, चीनच्या समुद्रावरची दोन शेजारची बंदरे, एका दिवसाच्या अंतराने जगत राहिली. मकावला रविवारची घंटा वाजायची तेव्हा मनिलात शनिवार असायचा. दोन्हीकडे एकच धर्म, एकच पोप, आणि उपासाचे शुक्रवार मात्र वेगवेगळे. मकावच्या व्यापाऱ्याने मनिलाच्या व्यापाऱ्याला 'येत्या शुक्रवारी' असे लिहिले, तर तो कोणाचा शुक्रवार हे पत्रातच सांगावे लागणार.

हे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे चालले. मेक्सिको स्वतंत्र झाला, त्या बाजूचा व्यापार आटला, आणि मनिलाला अमेरिकेचा वार धरून बसण्याचे कारण उरले नाही. गव्हर्नर-जनरल क्लाव्हेरिया यांनी हुकूम काढला आणि 1844 साली 30 डिसेंबरनंतर थेट 1 जानेवारी उजाडली. मनिलात त्या वर्षी 31 डिसेंबर, मंगळवार, झालाच नाही.

आंतरराष्ट्रीय वाररेषा आपण शाळेत 180 अंशांच्या रेखावृत्ताशी जोडून शिकलो. ती इतकी वेडीवाकडी का, हे मात्र गुरुजींनी सांगितले नव्हते. दोन बाजूंनी आलेल्या दोन मोजण्या जिथे समोरासमोर येतात, तिथे ती शिवण पडली आहे. आणि कोणत्या बाजूची मोजणी धरायची हे त्या त्या देशाचे सरकार ठरवते. त्यासाठी जगाची परवानगी लागत नाही.

सामोआने तर हे दोनदा केले. प्रशांत महासागरातला हा छोटा बेटांचा देश 180 अंशांच्या जरा पूर्वेला आहे, तरी आधी त्याचा वार आशियाकडचा होता. अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी 1892 मध्ये राजाने तो अमेरिकेशी जुळवला. त्यासाठी एक दिवस दोनदा जगावा लागला, आणि तो निवडला 4 जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. लागोपाठ दोन सोमवार, दोन्ही 4 जुलै.

एकशे एकोणीस वर्षांनी गिऱ्हाईक बदलले होते. आता व्यापार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी होता. सामोआत शुक्रवारी कचेऱ्या उघड्या असायच्या तेव्हा ऑकलंडला शनिवार. सामोआ रविवारी चर्चमध्ये बसायचा तेव्हा सिडनीत सोमवारची कामे सुरू झालेली. आठवड्यातले दोन दिवस हातचे जात. म्हणून पंतप्रधान तुइलाएपा यांच्या सरकारने कायदा केला आणि 2011 साली गुरुवार, 29 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर शनिवार, 31 डिसेंबर सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारी दुपारचे साडेतीन वाजले होते. माझ्या भावाच्या ऑकलंडला रात्रीचे अकरा. सारे जग शुक्रवारात होते किंवा त्याच्या वाटेवर होते, आणि आपियातली माणसे त्याच्यावरून उडी मारून गेली.

आता बोलण्यातले शब्द तपासून पाहू. समजा, आपियातल्या एका दुकानदाराने सोमवारी, 26 तारखेला उधारीवाल्याला सांगितले, "येत्या शुक्रवारी देतो." तो शुक्रवार आलाच नाही. पुढचा आला 6 जानेवारीला. "पाच दिवसांनी देतो" म्हटले असते, तर कॅलेंडरवर बोट ठेवून 31 तारीख येते, पण मध्ये रात्री चारच गेलेल्या असतात. त्या गुरुवारी म्हटलेला 'उद्या' म्हणजे शनिवार. आणि 'गुरुवारी मध्यरात्री' हा शब्दप्रयोग तर एरवीही घातकी आहे. गुरुवार सुरू होतो ती मध्यरात्र की संपतो ती? म्हणूनच पुष्कळ ठिकाणी मुदत रात्री 11.59 ची लिहितात. एक मिनिट सोडून दिले की वाद संपतो. सामोआत वादाचा पहिला प्रश्न पगाराचा होता, आणि त्यावर सरकारने नि:संदिग्ध उत्तर दिले होते: न उगवलेल्या शुक्रवारचा पगार द्यायचा.

पगाराइतका सोपा नसलेला एक प्रश्न शिल्लक राहिला. सामोआत सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती आहेत. त्यांचा विश्रांतीचा दिवस रविवार नसून शनिवार, म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस. या मंडळींनी गुरुवारपर्यंत पाच दिवस मोजले होते. त्यानंतर सूर्य उगवला तो मोजणीने सहावा, पण सरकारने त्याला शनिवार म्हटले. मग पवित्र दिवस कोणता? सरकार ज्याला शनिवार म्हणते तो, की सहा दिवसांनंतर येणारा सातवा, ज्याला सरकार रविवार म्हणते? तिथल्या पंथाने सातवा सूर्योदय धरला. 180 अंशांची रेषा खरी, सरकारने वळवलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या टोंगातले ॲडव्हेंटिस्ट आधीपासून असेच करत आले आहेत. त्यामुळे शनिवारसाठी जगभर ओळखले जाणारे हे लोक सामोआत रविवारी प्रार्थनेला जाऊ लागले. काहींना ते पटले नाही. देवाने कॅलेंडरवरचा शनिवार सांगितला आहे असे धरून ते वेगळे झाले आणि शनिवारीच जमू लागले. एकाच गावात, एकाच पंथाची माणसे, 'या शनिवारी भेटू' म्हणून दोन वेगळ्या दिवशी भेटतात.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. ती बहुधा सूर्योदय मोजणाऱ्यांच्या बाजूने गेली असती. माझे मत अजून ठरत नाही. पिगाफेट्टाही आपल्या बुधवाराबद्दल शंभर टक्के बरोबर होता, आणि तरी स्पेनला परतल्यावर त्याच्या सोबत्यांना गावाचाच वार धरावा लागला.

या उडीत अमेरिकन सामोआ सामील झाला नाही. तो अमेरिकेच्या ताब्यातला, त्याचा व्यवहार अमेरिकेशी, त्याने जुना वार ठेवला. आपिया आणि पागो पागो यांच्यात शंभर-सव्वाशे किलोमीटरचा समुद्र आहे. दोन्हीकडे एकच भाषा, एकमेकांत सोयरिकी. सामोआने 2021 मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणे सोडले, तेव्हापासून दोन्हीकडची घड्याळे वर्षभर मिनिटाला मिनिट जुळतात. फरक फक्त वाराचा, बरोबर चोवीस तासांचा. आपियाची बहीण पागो पागोच्या भावाला फोनवर "आज रात्री बाराला फोन कर" म्हणते तेव्हा दोघांचेही काटे एकाच क्षणी बारावर येतात. त्या क्षणी तिचा रविवार सुरू होतो, आणि त्याचा शनिवार.