पन्नास-तीस-वीसचा हिशोब : तीस हजार पगारात तीन महिन्यांची शिल्लक कशी उभी राहते?

पगाराचे तीन वाटे करायचे. 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौसेला आणि 20 टक्के बचतीला. ही पद्धत 2005 साली अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांच्या 'ऑल युवर वर्थ' या पुस्तकामुळे घराघरात गेली. वॉरेन तेव्हा कायद्याच्या प्राध्यापक होत्या, पुढे त्या सिनेटर झाल्या. पण तिकडचे आकडे जसेच्या तसे आपल्या सांगली-साताऱ्याच्या घरात बसतात का? एक पगार आणि एक उद्दिष्ट घेऊन हिशोब मांडून पाहू.

कुठला पगार धरायचा?

समजा, कुपवाड एमआयडीसीत काम करणारा एक कामगार आहे. सांगलीत भाड्याच्या घरात बायको आणि दोन मुलं, आई-वडील साताऱ्याला. पगारपत्रकावर 32,000 रुपये दिसतात. त्यातून पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 कापले जातात. हातात येतात 30,000. टक्के काढायचे ते या 30,000 वर, 32,000 वर नाही. पीएफ ही बचतच आहे, पण ती म्हातारपणाची. उद्या घरात पाणी शिरलं तर ती लगेच हाताशी येईल असं धरून चालता येत नाही, म्हणून ती या हिशोबात घ्यायची नाही.

कशासाठी साठवायचं?

उद्दिष्ट एकच ठेवू : तीन महिन्यांच्या गरजा भागतील एवढी रक्कम बाजूला काढणं. सांगलीकरांना याचं कारण वेगळं सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचा पूर शहरात आला. पुरात घर सोडावं लागतं, काम बंद राहतं, पण भाडं आणि पोट थांबत नाही. पूर नसला तरी कारखान्यातली कामगार कपात किंवा घरातलं आजारपण असतंच.

गरज की हौस, कसं ओळखायचं?

एक प्रश्न विचारायचा : उद्या पगार थांबला तरी हा खर्च द्यावाच लागेल का? उत्तर 'हो' आलं तर ती गरज. घरभाडं, किराणा, शाळेची फी, औषधं ही उघड उदाहरणं. पण हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाईल? घेताना ती हौस होती. हप्ता सुरू झाल्यावर तो चुकवता येत नाही, म्हणून तो गरजांमध्येच मोजावा लागतो. पगार तेवढाच असताना अनेकांच्या गरजा फुगतात त्या अशाच.

आता आपल्या कामगाराच्या गरजा बघू. भाडं 5,500. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून 6,500. लाईटबिल आणि मोबाईल 1,000. शाळेची फी आणि व्हॅन 1,800. पेट्रोल 1,500. साताऱ्याला अम्मी-अब्बांच्या औषधांसाठी 1,700. बेरीज झाली 18,000, म्हणजे पगाराच्या 60 टक्के.

इथेच नियम अडतो. पन्नास टक्क्यांनी गरजांना 15,000 च मिळतात, लागतात 18,000. हे 3,000 आणायचे कुठून? बहुतेक घरांत ते बचतीतून जातात, कारण बचत नाही झाली तर त्या महिन्यात कुणी ओरडत नाही. पण कात्री लावायची ती हौसेच्या वाट्याला. बचतीचे 20 टक्के हलवायचे नाहीत. मग वाटणी होते 60-20-20 : गरजा 18,000, हौस 6,000, बचत 6,000.

बचतीलाच हात का लावायचा नाही?

उद्दिष्ट तीन महिन्यांच्या गरजांचं आहे, म्हणजे 18,000 गुणिले तीन, 54,000 रुपये. दर महिन्याला 6,000 टाकले तर नऊ महिन्यांत काम होतं. ऑक्टोबरच्या पगारापासून सुरुवात केली तर जूनच्या पगाराला रक्कम पूर्ण होते. कृष्णेला पूर येतो तो साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे त्याच्या तोंडावर पैसे हातात असतात.

आता बचत 10 टक्क्यांवर आणून बघा. महिन्याला 3,000 पडतात आणि त्याच 54,000 ला अठरा महिने लागतात. मध्ये एक अख्खा पावसाळा रिकाम्या हाताने काढावा लागतो.

हा हिशोब कुठल्याही पगाराला लागू पडतो. गरजांच्या टक्क्यांना बचतीच्या टक्क्यांनी भागा आणि तीनने गुणा, तेवढे महिने लागतील. 50 आणि 20 असेल तर साडेसात महिने, 60 आणि 20 असेल तर नऊ. पगार 30,000 असो की 60,000, महिने तेवढेच. म्हणजे पगारवाढ झाली आणि गरजाही तेवढ्याच वाढवल्या, तर आपण एक दिवसही लवकर पोहोचत नाही.

हौसेच्या 6,000 मध्ये ईद कशी बसवायची?

ईदचे कपडे, कुर्बानी, लग्नातले आहेर हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, एकदम येतात. त्या महिन्यात मग बचत मोडली जाते. उपाय असा : 6,000 पैकी 2,000 दर महिन्याला याच कामासाठी वेगळे ठेवायचे, वर्षाचे 24,000 होतात. उरलेल्या 4,000 मध्ये बाहेरचं खाणं, फिरणं, महिन्याची खरेदी. एक लक्षात ठेवा, ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे मागच्या ईदपासून या ईदपर्यंत बारा पगार मिळतीलच असं नाही.

पैसे ठेवायचे कुठे?

पगाराच्या खात्यात ठेवले तर ते खर्च होतात. दुसरं खातं उघडा आणि पगाराच्या दिवशीच 6,000 तिकडे वळवा. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. व्याज न घेणाऱ्यांनी बचत खात्यात जमा होणारी व्याजाची रक्कम पासबुकात बघून वेगळी काढावी, 54,000 मध्ये धरू नये. चालू खात्यावर व्याज नसतं, पण तिथे किमान शिल्लक किती लागते ते आधी विचारा. जकातीचा हिशोब करताना हा पैसाही मोजायचा.

आपल्याकडे भिशीची सवय आहे आणि ती चांगली आहे, पण या कामाला ती चालत नाही. अडचण ऑगस्टमध्ये आली आणि आपला नंबर डिसेंबरमध्ये असेल तर उपयोग काय? दागिन्याचंही तसंच, मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

पगार कमी असेल तर?

18,000 च्या पगारात गरजाच 85 टक्के, म्हणजे 15,300 खात असतील, तर 20 टक्के बचत होणं शक्य नाही. तिथे टक्केवारीशी भांडू नये, उद्दिष्ट लहान करावं. 10 टक्के म्हणजे 1,800 काढले तर एका महिन्याच्या गरजांएवढी रक्कम साडेआठ महिन्यांत जमते. हौसेला मग 900 च उरतात. हे दीर्घकाळ झेपणारं नाही, म्हणून गरजांमधला सर्वात मोठा खर्च, बहुतेक वेळा भाडं किंवा हप्ता, कमी करता येतो का ते आधी बघावं लागतं.

आणि 54,000 पूर्ण झाले की? ते तसेच राहू द्यायचे. महिन्याचे 6,000 पुढच्या उद्दिष्टाकडे वळवायचे. मध्ये अडचणीला पैसे काढावे लागले तर पुढच्या पगारापासून आधी हीच रक्कम भरून काढायची, बाकीचं नंतर.